प्रशिक्षणानंतरचा सोमवार

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात बहुतेक मुलांची घरची भाषा सेत्स्वाना. पहिली ते तिसरीपर्यंत शाळाही त्याच भाषेत चालते. तरीही तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या सरकारी शाळांत असंख्य मुले वाचता न येताच पुढच्या वर्गात जात होती. २०१५ साली तिथल्या शिक्षण खात्याने आणि काही संशोधकांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. एका साध्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर शिक्षणाच्या क्षेत्रात क्वचितच मिळते, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

प्रयोगासाठी २३० शाळा निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांची गटांत वाटणी केली. ८० शाळांत काहीच बदल केला नाही, त्या तुलनेसाठी ठेवल्या. ५० शाळांतल्या शिक्षकांना रोजच्या पाठांचे तपशीलवार नियोजन दिले, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वाचनपुस्तके दिली आणि वर्षातून दोनदा, दर वेळी दोन दिवस, एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिले. आणखी ५० शाळांना तेच नियोजन आणि तीच पुस्तके मिळाली, पण तिथे मुख्य आधार वेगळा होता. वाचन शिकवण्यात मुरलेली एक व्यक्ती साधारण महिन्यातून एकदा थेट वर्गात येई आणि शिक्षकाबरोबर काम करी. तिला तिकडे कोच म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. उरलेल्या ५० शाळांत पालकांबरोबर काम झाले, त्याचा मुलांच्या वाचनावर फारसा परिणाम दिसला नाही.

पहिलीतली मुले दुसरीच्या अखेरीला आली तेव्हा त्यांची चाचणी घेतली. प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांची मुले तुलनेच्या शाळांपेक्षा पुढे होती, पण जेमतेम. वर्षभरात जेवढे शिकणे होते त्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी ती आघाडी होती. कोच आलेल्या शाळांतली मुले त्याच मापाने सुमारे ४० टक्के वर्ष पुढे होती, म्हणजे दुप्पट. कोचवरचा खर्च अर्थातच जास्त होता, पण दुप्पट नव्हता.

यातली मोलाची गोष्ट अशी की दोन्ही गटांना साहित्य एकच मिळाले होते. शिवाय या प्रयोगातले प्रशिक्षण आपल्या एकदिवसीय प्रशिक्षणापेक्षा कितीतरी सकस होते. वर्षाला चार दिवस, पुन्हा पुढच्या वर्षी तेवढेच, हातात पुस्तके आणि उद्या काय शिकवायचे ते लिहून दिलेले. तरीही ते निम्म्यावर थांबले. मग कोचमुळे वर्गात असे काय घडले?

संशोधक वर्गांत बसले तेव्हा फरक एका ठिकाणी ठळक दिसला, तो म्हणजे गटवाचनात. तिथल्या वर्गांची जुनी सवय आपल्याकडच्यासारखीच होती. शिक्षक एक वाक्य वाचणार आणि सगळा वर्ग एका सुरात ते म्हणणार. अशा वाचनात दहा मुलांना शब्द ओळखता येतात आणि बाकीची तीस त्यांचा आवाज पकडून अर्ध्या क्षणाने मागून येतात. बाहेरून ऐकणाऱ्याला चाळीसही मुले वाचत असल्याचा भास होतो. म्हणून नव्या नियोजनात मुलांचे छोटे गट करून शिक्षकाने एकेका गटाला जवळ घ्यावे आणि प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्र ऐकावे, अशी रचना होती. कोच आलेल्या शाळांत ही रचना खरोखर चालू लागली होती. मुलांना एकेकट्याने वाचायची संधी मिळत होती आणि शिक्षकाचे लक्षही. नुसत्या प्रशिक्षणाच्या शाळांत ते कमी घडले.

गटवाचन म्हणजे काय हे प्रशिक्षणात अर्ध्या तासात सांगून होते, आणि ऐकणाऱ्याला ते पटतेही. वर्गात उभे राहिल्यावर मात्र त्याचे खरे रूप कळते. समजा दुसरीचा चाळीस मुलांचा वर्ग आहे. आधी प्रत्येक मुलाकडून एखादा परिच्छेद वाचून घ्यायचा आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे आठ-आठ मुलांचे पाच गट पाडायचे. यालाच तीन-चार दिवस जातात. मग रोज अर्धा तास काढायचा, त्यात दोन गट एकापाठोपाठ सतरंजीवर बसवायचे. गटातल्या प्रत्येकाच्या हातात एकच पुस्तक, तेही त्या गटाला झेपेल असे, फार सोपे नाही आणि फार अवघडही नाही. शिक्षकाने गोलात मुलांच्या उंचीवर बसायचे. मुलाने आपल्या आवाजात वाचायचे आणि अडखळले तर थोडे थांबून पहिले अक्षर सुचवायचे, पूर्ण शब्द देऊन टाकायचा नाही. कोण कुठे अडले ते वहीत टिपायचे. हे सगळे चालू असताना उरलेल्या बत्तीस मुलांना असे काम हवे की ती पंधरा मिनिटे शिक्षकाकडे येणार नाहीत.

ते शेवटचे वाक्य कागदावर किती निरुपद्रवी दिसते! प्रत्यक्षात सगळी पद्धत तिथेच कोसळते. पहिल्या दिवशी दोन मुलांचे वाचन ऐकून होते न होते तोच कोणीतरी येते, "बाई, झालं, आता काय करू?" पाठोपाठ पेन्सिल तुटलेली येते, मागच्या बाकावर भांडण लागते. बाई उठतात, पुन्हा बसतात, पुन्हा उठतात. गटातल्या मुलांची ओळ हरवते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वर्गाबाहेरून गोंगाट ऐकून डोकावतात. आठवड्याभरात बाई पुन्हा सगळ्या वर्गाकडून एका सुरात वाचून घेऊ लागतात, कारण त्यात वर्ग शांत राहतो आणि पाठ पूर्ण होतो. या बाईंना आळशी म्हणणे किंवा त्या बदलायला तयार नाहीत असा शेरा मारणे घोर अन्याय आहे. त्यांनी नवी पद्धत करून पाहिली. ती अडली आणि ती अडली त्या क्षणी शेजारी कोणी नव्हते.

एकदिवसीय प्रशिक्षण का फसते, याचे मला सापडलेले सगळ्यांत प्रामाणिक उत्तर हेच आहे. प्रशिक्षण होते तेव्हा अडचण अजून उद्भवलेली नसते आणि अडचण येते तेव्हा प्रशिक्षण संपलेले असते. गटसाधन केंद्राच्या सभागृहात शिक्षक प्रश्न विचारतात, पण ते कल्पनेतले असतात. खरा प्रश्न सोमवारी दुपारी पडतो, बत्तीस मुलांच्या गलक्यात. शिवाय तो दर वर्गाचा निराळा असतो. एका वर्गात पुस्तके पुरत नाहीत. दुसऱ्यात पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. तिसऱ्यात गट पाडताना पातळी न पाहता बसायच्या रांगाच गट म्हणून घेतलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक गटात चार मुले कंटाळतात आणि चार गप्प होतात. ही तिसरी चूक तर शिक्षकाला स्वतःला दिसतही नाही. गट केले, सतरंजी टाकली, पुस्तके दिली म्हणजे सगळे नियमाप्रमाणे चालले आहे असेच त्याला वाटते. बाहेरून येऊन मुलांकडे पाहणाऱ्यालाच ती उमगते.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि जे करून दाखवायचे ते सांगण्यावर येते. शेवटच्या पायरीवर बोलणाऱ्याने बहुधा ती पद्धत स्वतःच्या वर्गात महिनाभर राबवलेली नसते. त्यामुळे "बाकीची मुले गोंधळ करतात त्याचं काय?" या प्रश्नावर त्याच्याजवळ ठोस उत्तर नसते.

अमेरिकेतले ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकापासून हाच मुद्दा मांडला. तत्त्व समजावणे, करून दाखवणे आणि सराव करवून घेणे यांमुळे शिक्षकाला पद्धत समजते, जमतेही. पण ती त्याच्या रोजच्या शिकवण्यात टिकून राहायची तर वर्गात जाऊन दिलेली साथ लागते, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या नावावर फिरणारे टक्केवारीचे कोष्टक अनेक प्रशिक्षणांत पडद्यावर दिसते. ते आकडे ढोबळ अंदाज म्हणूनच घ्यावेत. नंतरच्या काटेकोर अभ्यासांनी दिशा मात्र तीच दाखवली आहे.

आता कोच वर्गात नेमके काय करतो ते पाहू. ही भेट म्हणजे तपासणी असे अनेकांना वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चांगली भेट वर्गात शिरण्याआधीच सुरू होते. पाच-दहा मिनिटे बोलणे होते. मागच्या वेळी काय ठरले होते, त्याचे काय झाले, आज मी कशाकडे पाहू. मग कोच मागे बसतो आणि मुलांकडे पाहतो. वहीत तो वर्णन लिहितो, मत लिहीत नाही. "पहिल्या गटात आठपैकी तीन मुलांनी एकट्याने वाचले." "बाई गटातून चार वेळा उठल्या, चारही वेळा लिखाण संपलेल्या मुलांमुळे." अशा नोंदीवर वाद होत नाही आणि शिक्षकाला वाईटही वाटत नाही, कारण घडले ते त्यानेही पाहिलेले असते.

पाठ संपल्यावर दोघे बसतात आणि पहिले बोलणे शिक्षकाचे असते. वरच्या उदाहरणातल्या बाई म्हणतील की मुले शिस्तीत राहत नाहीत. कोच नोंदी पुढे ठेवतो. चारही वेळा आलेली मुले लिखाण लवकर संपवणारी होती, म्हणजे अडचण शिस्तीची नसून कामाची आहे. दिलेले काम पाच मिनिटांत संपते आणि हवे आहे पंधरा मिनिटांचे. मग दोघांनी मिळून एकच बदल ठरवायचा. काम संपले की पुढे काय करायचे ते फळ्याच्या कडेला चित्राने दाखवायचे, आधी चित्र काढा, मग जोडीदाराला वाचून दाखवा. आणि सतरंजीवर गट बसला असताना शिक्षकाकडे यायचे नाही, हा नियम पुढचा पूर्ण आठवडा गटवाचन बाजूला ठेवून मुलांकडून फक्त गिरवून घ्यायचा. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. तो घालवायला मोकळीक देणारे, तसे मुख्याध्यापकांच्या कानावर घालणारे माणूस असणे हाही कोचच्या कामाचा मोठा भाग आहे.

गरज पडली तर कोच दुसऱ्या दिवशी स्वतः एक गट घेतो आणि बाई बाकीच्या मुलांकडे पाहतात, किंवा उलट. वर्ग एक आणि हात चार. इथे एक धोका असतो. कोचने सुंदर नमुना पाठ घेतला आणि शिक्षक मागे बसून पाहत राहिला, तर भेट सगळ्यांना छान वाटते, पण पुढे काहीच बदलत नाही. पाहिलेले लगेच त्याच तासाला शिक्षकाच्या हातून घडले पाहिजे, मग ते अडखळत का होईना.

पुढच्या महिन्यात कोच पहिल्यांदा तेवढीच गोष्ट पाहतो. बाई आता किती वेळा उठल्या? एकदा. मग पुढची गोष्ट, आठांपैकी आठही मुले एकट्याने वाचतात का? नसतील तर गट पातळीप्रमाणे पडले आहेत का? अशी एकेक गाठ सुटत जाते. एका भेटीत बारा सूचना लिहून देणारा माणूस कितीही जाणकार असला तरी त्यातून काही हाती लागत नाही. शिक्षक बारापैकी सोप्या दोन निवडतो, बहुधा भिंतीवरचे तक्ते बदलतो.

हे सारे चालले आहे की नुसते कागदावर आहे, ते ओळखायची खूणही सोपी आहे. शिक्षकाला न विचारता मधल्या पातळीच्या दोन मुलांना जवळ बोलवावे आणि न शिकवलेले पान एकेकट्याने वाचायला द्यावे. नंतर वाचनपुस्तके हातात घ्यावीत. वापरलेल्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेले असतात. गठ्ठ्यात कोरी राहिलेली पुस्तके भेटीच्या अहवालापेक्षा खरे बोलतात.

कोचिंगच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. अमेरिकेतल्या मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली कोचिंगच्या ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. शिकवण्यात मोठी आणि मुलांच्या गुणांत माफक पण निश्चित सुधारणा दिसली. मात्र जिथे शिक्षकांची संख्या शंभराच्या पुढे गेली, त्या कार्यक्रमांत परिणाम बराच घसरला. कारण उघड आहे. पहिले दहा कोच हुशारीने निवडता येतात. पाचशे निवडायचे तर ज्याला वर्ग वाचता येतो आणि समोरच्याला न दुखावता बोलताही येते अशी माणसे अपुरी पडतात.

मग प्रवास टाळून फोनवर किंवा टॅबवर कोचिंग केले तर? दक्षिण आफ्रिकेनेच म्पुमलांगा प्रांतात तेही करून पाहिले, या वेळी विषय दुसरी भाषा म्हणून इंग्रजी होता. काही शाळांत कोच प्रत्यक्ष जात, काही शाळांत शिक्षकांच्या हाती टॅब दिले आणि कोच दुरून बोलत. तीन वर्षांनी चित्र स्पष्ट झाले. प्रत्यक्ष भेटींमुळे मुलांचे इंग्रजी बोलणे चांगलेच सुधारले, वाचनही थोडे सुधारले. दुरून झालेल्या कोचिंगचा बोलण्यावर थोडा परिणाम झाला, वाचनावर झाला नाही, आणि मुलांची घरच्या भाषेतली वाचनाची प्रगती उलट मागे पडली. फोनवर शिक्षक सांगेल तेवढेच कोचला कळते. स्वतःला न दिसलेली चूक शिक्षक सांगणार तरी कशी?

या सगळ्यातून महाराष्ट्रासाठी जे निघते ते मला फार महत्त्वाचे वाटते, कारण कोचची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. १९९० च्या दशकात राज्याने शाळांची केंद्रे केली. आज अशी सुमारे ४,८६० केंद्रे आहेत. डझनभर शाळांमागे एक केंद्रप्रमुख असावा आणि त्याने शाळांत जाऊन शिक्षकांना शैक्षणिक मदत करावी, हीच मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. जे केंद्रप्रमुख आहेत ते माहिती गोळा करणे, पोषण आहाराचे तपशील आणि वरून मागवलेले तातडीचे अहवाल यांत बुडालेले असतात. शाळाभेट होते तेव्हा शेरेबुकात शेरा लिहिला जातो. महिन्याची शिक्षण परिषदही बहुतेकदा आणखी एक एकदिवसीय प्रशिक्षण होऊन बसते.

अशी जागा बदलता येते, हे केनियाने दाखवले. २०१५ पासून तिथे तुसोमे नावाचा वाचनाचा कार्यक्रम देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत चालला. त्यात नवे कोच नेमले नाहीत. आपल्या केंद्रप्रमुखांसारख्याच, तोवर प्रशासकीय कामात अडकलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना त्या कामाला लावले. त्यांना टॅब दिला आणि त्यावर वर्गात काय पाहायचे ते ठरवून दिले. काही मुलांचे वाचन भेटीतच ऐकून नोंदवायला सांगितले आणि भेट खरोखर शाळेत झाल्याची खात्री करून प्रवासखर्च दिला. पूर्वी शाळेत जायला पदरचे पैसे घालावे लागत म्हणून भेटीच होत नसत. इतकी साधी गोष्ट दुरुस्त केल्यावर भेटींची संख्या वाढली.

हरियाणात २०१२-१३ साली 'प्रथम' संस्थेच्या मदतीने झालेल्या कामात याहून उपयोगी धडा आहे. त्याआधी बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिले होते. शाळेच्या नेहमीच्या दिवसात त्याचा परिणाम जवळपास शून्य होता. हरियाणात क्रम बदलला. शाळांना मदत करणाऱ्या साधन व्यक्तींना चार दिवस शिकवले आणि मग पंधरा-वीस दिवस सरकारी शाळांत स्वतः मुलांना शिकवायला लावले. त्यानंतरच त्यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे शाळाभेटी दिल्या. मुलांचे हिंदी वाचन सुधारले. गणितात फरक पडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण ज्याने स्वतः तीन आठवडे ती पद्धत निभावली, त्याच्या सूचनेत आणि इतरांच्या सूचनेत फरक असतो, हे कुठलाही शिक्षक पहिल्या वाक्यात ओळखतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. तास भरायचे म्हटले तर आठ-नऊ प्रशिक्षणांत आणि मोबाइलवरच्या अभ्यासक्रमांत ते सहज भरतात, प्रमाणपत्रेही मिळतात. तेच तास निराळे मांडता येतील. दोन दिवसांचे एकत्र प्रशिक्षण बारा तासांचे. नंतर दर महिन्याला वर्गातली भेट आणि त्यानंतरची चर्चा मिळून अडीच तास, दहा महिन्यांचे पंचवीस. उरलेले तेरा तास केंद्रातल्या त्याच इयत्तेच्या शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या अडचणी सोडवण्याचे. एका केंद्रात पहिली-दुसरीचे पंधरा-वीस शिक्षक असतात. एका केंद्रप्रमुखाने सगळे विषय आणि सगळ्या इयत्ता न घेता यंदा फक्त या दोन वर्गांचे वाचन घेतले, तर रोज सकाळी एक वर्ग पाहून त्याला महिन्याभरात सगळ्यांकडे जाता येते. त्यासाठी त्याच्या टेबलावरचे माहितीचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागेल, रिकामी पदे भरावी लागतील आणि जूनमध्ये त्याला तीन आठवडे कुठल्यातरी पहिलीच्या वर्गावर स्वतः शिकवावे लागेल. शेरेबुकाच्या जागी भेटीची एक छोटी वही लागेल. तिच्यात तीनच रकाने असतील, किती मुलांनी एकट्याने वाचले, कोणता एक बदल ठरला आणि पुढची भेट कोणत्या तारखेला.